‘बर्डीवर ये, ते घेऊन ये’

सहावीच्या वर्गात मी पहिली चिठ्ठी वाचते ती अशी : ‘उद्या बर्डीवर ये. ते घेऊन ये.’ पोरं हसतात. बर्डी म्हणजे आमच्या नागपूरची सीताबर्डी, अख्खा बाजार. तिथं मेन रोडवर, मोदी नंबर तीनच्या गल्लीत की मेट्रो स्टेशनात? आणि ‘ते’ म्हणजे काय? इथवर सोपं आहे, कारण चिठ्ठी दुसऱ्याची आहे. स्वतःच्या चिठ्ठीतली गाळलेली जागा दिसत नाही. ती आपल्या डोक्यात भरलेलीच असते ना!

म्हणून पुढची चिठ्ठी मुलांची. गणितात अडलेलं एक उदाहरण मदतीसाठी लिहून पाठवायचं. एका मुलीनं लिहिलं : ‘अपूर्णांकाचं गणित जमून नाही राहिलं. सांग.’ ही चिठ्ठी आम्ही शेजारच्या तुकडीत धाडतो. बाकावरच्या मैत्रिणीला देऊन उपयोग नसतो. तिला अर्धं आधीच ठाऊक असतं. वाचणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, उत्तर देण्याआधी जे विचारावं लागेल ते चिठ्ठीच्या मागे लिहायचं. लिहिणारीनं तोंड उघडायचं नाही. हा नियम पाळणं सगळ्यात कठीण, मलाही.

चिठ्ठी परत आली तेव्हा मागे तीन प्रश्न होते : कोणतं उदाहरण? तू काय केलंस? उत्तर काय आलं? मग तिनं पुन्हा लिहिलं : ‘३/४ + १/६ हे करून राहिली. मी वरचे अंक मिळवले, खालचे मिळवले, ४/१० आलं. पुस्तकात ११/१२ आहे. माझं कुठं चुकलं?’

आता पलीकडच्या मुलाला काहीच विचारावं लागलं नाही. छेद मिळवलेत, हे ४/१० बघूनच कळतं. त्यानं लिहिलं : ‘आधी छेद सारखे कर. ९/१२ आणि २/१२.’ खरं म्हणजे सगळ्यात कामाची ओळ ‘४/१० आलं’ हीच होती, आणि मुलं नेमकी तीच लपवतात. चुकलेलं उत्तर दाखवायची लाज वाटते. त्यामुळे त्या दिवशी मी लाल पेनाला हात लावत नाही.

दुसऱ्या आठवड्यात उलटा रोग लागतो. मागे प्रश्न नकोत म्हणून पोरं पानभर लिहितात. वही कुणाची, वीज कधी गेली, सगळं. मग एकेक वाक्य बोटानं झाकायला लावते. ते झाकूनही उत्तर तेच येत असेल, तर वाक्य खोडायचं. वीज जाते, ४/१० राहतं.

एक अडचण मात्र या खेळानं सुटत नाही. काही मुलांना आपण कुठे अडलो हेच कळलेलं नसतं. त्यांची चिठ्ठी तिसऱ्यांदाही ‘काहीच येऊन नाही राहिलं’ अशीच येते. अशा मुलाजवळ मी जाऊन बसते. पहिली पायरी माझ्यासमोर करायला सांगते, आणि जिथं पेन्सिल थांबते तिथून त्याला चिठ्ठी लिहायला लावते.