सात मीटरचं चित्र, दोन फुटांची खिडकी

(दृश्य: लाकडी टेबल. रेशमी दोरीने बांधलेली गुंडाळी. दोन हात.)

हे भिंतीवर टांगायचं चित्र नाही. चिनी भाषेत याला ‘शौज्वान’ म्हणतात, म्हणजे हातात धरायची गुंडाळी. आपल्याकडच्या जुन्या जन्मपत्रिकाही गुंडाळलेल्या असत, पण त्या वरून खाली उलगडत. ही उलगडते आडवी, उजवीकडून डावीकडे, जशी जुनी चिनी लिपी वाचतात तशी.

टेबलावर आहे ती मूळ आकारातली छापील प्रत. मूळ चित्राला असा हात लावायला आम्हाला कोण देणार!

(दृश्य: दोरी सुटते. डावा हात गुंडाळी पुढे सरकवतो.)

आधी कोरं रेशीम लागतं. घाई करू नका, ते मुद्दामच ठेवलेलं असतं. मग कागद सुरू होतो. डाव्या हाताने उलगडायचं आणि पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत जायचा. दोन हातांमध्ये एका वेळी जेमतेम दोन फूट चित्र उघडं राहतं. बाकीचं एक तर अजून आलेलं नसतं, नाहीतर गेलेलं असतं.

हातांकडे नीट पाहा. कागद ओढलेला नाही, गुंडाळी फिरवली आहे. उजवीकडची गुंडाळी तिरकी झाली की तिच्या कडा दुर्बिणीच्या नळ्यांसारख्या बाहेर येऊ लागतात. अशा वेळी टोकांवर टिचक्या मारून ती सरळ करायचा मोह होतो. तसं केलं की कागदाच्या कडा चेमटतात. थोडं मागे उलगडून पुन्हा गुंडाळणं, हा एकच उपाय आहे. आमच्या चित्रीकरणात हे तीनदा करावं लागलं. त्यातलं एकदाचं तुम्ही आत्ता पाहताय.

(दृश्य: डोंगराचा पहिला उंचवटा, जवळून.)

हे आहे ह्वांग गोंगवांगचं ‘फूछुन डोंगरातला मुक्काम’. नदी फूछुन, पूर्व चीनच्या झ-ज्यांग प्रांतातली. चित्रकाराचा जन्म 1269 चा. चित्र हाती घेतलं 1347 मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या आसपास.

कागद आणि शाई, बस्स. रंग नाही. डोंगराच्या अंगावरच्या या लांब, सैल रेघा पाहा, तागाचे धागे सुटे करून पसरावेत तशा. चिनी चित्रकार या रेघांना तागाच्याच धाग्यांचं नाव देतात. कुंचला बऱ्याचदा जवळजवळ कोरडा आहे, म्हणून रेघेच्या पोटातून कागद दिसतो. खाली फिकी शाई, वर गडद, आणि सर्वांत शेवटी झाडीचे ठिपके.

(दृश्य: हात पुढे सरकतात. पाणी. होडी.)

आता डोंगर खाली उतरला आणि पाणी आलं. म्हणजे पाणी रंगवलेलंच नाही, तो कोरा कागद आहे. होडी आली म्हणून आपण त्याला पाणी म्हणतो. होडीत कोळी बसला आहे, नखाएवढासुद्धा नाही. सात मीटरच्या या चित्रात माणसं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि एकही पटकन सापडत नाही.

(दृश्य: निवेदन नाही. पंधरा सेकंद फक्त हात आणि कागदाचा आवाज.)

ही पायवाट डोंगरामागे गेली. ती पुन्हा कुठे बाहेर येते ते पाहायला पुढे सरकावं, तर तोवर ती जिथून निघाली ती जागा उजव्या हाताखाली गेलेली असते. ती लक्षात ठेवावी लागते. नाही राहिली, तर दोन्ही हात उलटे फिरवून मागे जायचं. टेबलाशी दोघं-तिघं बसले असतील तर ‘थांब, थांब, मागे घे’ हे होणारच.

आता हेच चित्र अख्खं, एका नजरेत.

(दृश्य: पूर्ण चित्र पडद्यावर. एक बारीक आडवी पट्टी.)

काय दिसलं? एक करडी पट्टी. मोबाइलवर तर कंबरपट्टा वाटतो. संग्रहालयं काचेच्या लांब पेटीत गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवतात. त्यांचा नाइलाज कळतो. शेकडो लोकांना ती हातात देता येत नाही. पण तिथे माणूस चालतो आणि चित्र जागेवर राहतं. इथे माणूस बसलेला असतो आणि डोंगर चालत येतात.

(दृश्य: ठिगळ, अगदी जवळून.)

हे काय आहे? चित्राचा भाग नाही. जळून पडलेलं भोक मागून कागद लावून बुजवलं आहे.

1650 मध्ये चित्राचा तेव्हाचा मालक वू होंगयू मरणपंथाला लागला होता. चित्र सोबत जावं म्हणून त्याने ते आगीत टाकायला लावलं. पुतण्याने दुसरी गुंडाळी आत टाकून ही बाहेर ओढली. तोवर ती पेटली होती.

आता ठिगळांमधलं अंतर पाहा. आग लागली तेव्हा चित्र गुंडाळलेलं होतं, म्हणून एकच ज्वाळा एकावर एक असलेल्या वेढ्यांतून आरपार गेली. उलगडल्यावर त्याच जखमा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसतात. गुंडाळी पाच सेंटिमीटर जाडीची धरली, तर एक वेढा साधारण सोळा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे पुढची जखम तेवढ्या अंतरावर यायला हवी. आत जावं तसे वेढे लहान होतात, अंतर कमी होतं आणि जखमही बारीक होत जाते. सुरुवातीचं टोक सर्वांत बाहेर असतं, म्हणून जास्त जळाली ती सुरुवातच. आगही उजवीकडूनच आत शिरली.

चित्राचे दोन तुकडे झाले. सुरुवातीचा, 51.4 सेंटिमीटरचा तुकडा हांगझोऊला आहे आणि उरलेला, 636.9 सेंटिमीटरचा, तैपेईला. 2011 मध्ये काही आठवडे ते तैपेईत एकत्र मांडले होते, काचेखाली.

(दृश्य: शेवटचा सुळका, मग मोकळं पाणी.)

आपण टेबलाकडे परत येऊ. दाट डोंगररांगा मागे पडल्या. एक उंच, एकटा सुळका आला, आणि त्यानंतर जमीन जवळजवळ संपतेच.

(दृश्य: निवेदन नाही.)

मग अक्षरं येतात. ह्वांगने 1350 मध्ये स्वतः लिहिलेला मजकूर. तो म्हणतो, मित्र वूयोंगबरोबर डोंगरात परतलो, फुरसतीत कुंचला उचलला आणि लहर लागली तशी सगळी मांडणी करत गेलो. मग हळूहळू भरत राहिलो. तीन-चार वर्षं झाली तरी पुरं होईना, कारण चित्र डोंगरात ठेवून मी बाहेर भटकत होतो. आता ते सामानात घेतलं आहे, सकाळ-संध्याकाळ सवड मिळेल तसा हात फिरवीन. हे कुणी युक्तीने किंवा जबरदस्तीने बळकावेल, अशी वूयोंगला धास्ती होती. म्हणून चित्र पुरं व्हायच्या आधीच त्याने मालकी लिहून घेतली.

धास्ती खरी ठरली, पण ती कथा लांबची आहे. एवढंच सांगतो: अठराव्या शतकात सम्राट छ्येनलोंगने एका नकलेलाच अस्सल मानलं आणि तिच्या मोकळ्या आकाशात पन्नासहून अधिक वेळा लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी खरं चित्र दरबारात आलं, तेव्हा त्याने त्याला नक्कल ठरवलं. त्यामुळे आपण आत्ता पाहिलेलं पाणी कोरं राहिलं.

(दृश्य: हात उलटे फिरू लागतात.)

डावा हात आता रिकामा आहे आणि उजवीकडे जाड गुंडाळी झाली आहे. ती तशीच बांधून ठेवली, तर पुढच्याला आधी शेवट दिसेल. म्हणून सगळं परत फिरवायचं. सुळका येतो, रांगा येतात, होडी, ठिगळं, पहिला उंचवटा. मग रेशीम, आणि दोरी.