शाळेची वेळ आणि बाळाची दुपारची झोप

श्रोतेहो, नमस्कार. घरात एक मूल शाळेत जाणारे आणि दुसरे अजून तान्हे असले, की मोठ्याला सोडायला आणि आणायला जाण्याच्या वेळा नेमक्या धाकट्याच्या झोपेवर येतात, हा अनुभव अनेक आईवडिलांना असतो. आज मी साधारण ७ ते १२ महिन्यांच्या बाळाविषयीच बोलणार आहे. त्याहून लहान बाळ दिवसातून तीन-चार वेळा झोपते, त्यामुळे एखादी झोप मोडली तरी पुढची फार दूर नसते. मात्र या वयात बाळ दिवसा बहुधा दोनदाच झोपते, आणि त्यातली एक झोप हुकली तर दिवसाची जवळजवळ अर्धी झोप गेलेली असते.

मोठ्या मुलाला आणायची वेळ आपल्या हातात नसते, म्हणून हिशेब तिथून उलटा मांडावा लागतो, आणि या हिशेबात आपल्याला खरोखर हलवता येते ती सकाळची झोप. दुपारची झोप शाळा सुटण्याच्या वेळेत येते, तेव्हा बहुतेक जण दुपारच्याच झोपेशी झटत राहतात. पण बाळ दुपारी केव्हा पेंगणार हे सकाळच्या झोपेतून ते किती वाजता उठले यावरच बरेचसे ठरलेले असते.

एक उदाहरण घेऊ. बाळ ८ महिन्यांचे आहे आणि सकाळी साडेसहाला उठते. मोठ्या मुलाला घेऊन सव्वाआठला घर सोडायचे, नऊच्या आत परत यायचे, आणि दुपारी पावणेतीनला पुन्हा निघायचे, असा दिवस आहे. या वयाचे बाळ एकदा उठल्यावर साधारण अडीच ते तीन तास आनंदाने जागे राहते. म्हणजे शाळेतून परतल्यावर सव्वानऊला ते झोपेला आलेले असते, आणि इथवर सगळे जुळते. आता ही झोप दीड तास होऊ दिली, तर बाळ पावणेअकराला उठेल आणि पुढची झोप त्याला पावणेदोनच्या सुमारास येईल. झोपवण्यात दहा-पंधरा मिनिटे जातात. अडीचला त्याला उठवायचे आहे, तेव्हा हाती जेमतेम अर्धा तास उरतो. अर्धवट झोपलेले बाळ शाळेच्या फाटकाशी रडते आणि संध्याकाळपर्यंत चिडचिडे राहते.

त्याऐवजी सकाळची झोप तासाभरावर थांबवून सव्वादहाला बाळाला उठवावे. मग पावणेएकला झोपवायला घेतले, की एकपर्यंत त्याला झोप लागते आणि अडीचपर्यंत पूर्ण दीड तास मिळतो. दिवसाची एकूण झोप दोन तासांऐवजी अडीच तासांची होते. शिवाय तिचा मोठा वाटा दुपारकडे सरकतो. झोपलेल्या बाळाला उठवायचे नाही, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत, आणि ज्या बाळाचे वजन नीट वाढत आहे, प्रकृती चांगली आहे, त्याच्या बाबतीत या एका कारणासाठी तो संकेत मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उठवताना मात्र एकदम उचलू नये. आधी पडदा सरकवावा, दार उघडून घरातले आवाज आत येऊ द्यावेत, आणि बाळ आपणहून चुळबुळ करू लागले की जवळ घ्यावे. यासाठी पाच-दहा मिनिटे हाताशी ठेवावीत. दुपारीही निघण्याच्या पंधरा मिनिटे आधी उठवले, तर दूध पाजून आणि लंगोट बदलून शांतपणे बाहेर पडता येते.

हा बेत बहुधा बिघडतो तो सकाळच्या परतीच्या वाटेवर. गाडीच्या किंवा बाबागाडीच्या हालचालीने बाळ घराजवळ पोहोचता पोहोचता दहा मिनिटे डोळा लावते, आणि आपल्याला वाटते की घरी नेऊन ठेवले की झोप पुढे चालू राहील. पण जागेपणी साठत आलेली झोपेची निकड त्या दहा मिनिटांत बरीच ओसरते. घरात आणताच बाळ टक्क जागे होते, सव्वानऊला झोपायला नकार देते, आणि मग अकराला थकून झोपते. तिथून दुपार कोलमडते. वाटेत त्याची नजर एका जागी खिळू लागली, हातपाय सैल पडले, बडबड थांबली, की डुलकी जवळ आली असे समजावे. अशा वेळी बोलत राहावे, गाणे म्हणावे, खिडकीची काच थोडी खाली घ्यावी. तरीही डोळा लागलाच, तर घरी आल्यावर लगेच झोपवण्याचा आटापिटा करू नये. पाऊण तास खेळू द्यावे, मग झोपवावे, आणि त्या दिवशी सकाळची झोप आणखी थोडी आखूड ठेवावी, म्हणजे दुपारची एकची वेळ फार ढळत नाही.

याच ओघात सुरक्षिततेचे एक सांगणे आवश्यक आहे. प्रवासात बाळ गाडीतल्या आसनात झोपले, तर पट्टे बांधलेले असावेत आणि मुक्कामी पोहोचताच त्याला काढून सपाट, घट्ट गादीवर पाठीवर निजवावे. उभट आसनात लहान बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडू शकते. म्हणून झोप मोडेल या भीतीने ते आसन घरात आणून बाळाला तसेच झोपू देणे योग्य नाही. बाबागाडीवर उन्हासाठी जाड कापड टाकू नये, आत उष्णता कोंडते. आणि मोठ्याला फाटकाशी सोडण्यापुरतेसुद्धा झोपलेल्या बाळाला गाडीत एकटे ठेवू नये.

आता संध्याकाळ. अडीचला उठलेले बाळ रात्रीच्या नेहमीच्या झोपेपर्यंत चार तासांहून जास्त वेळ जागे राहील, आणि ८ महिन्यांच्या बाळाला हे जड जाते. त्यासाठी दोन वाटा आहेत. साडेचारच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटांची एक छोटी डुलकी देता येते, किंवा डुलकी न देता रात्रीची झोप सव्वासहा-साडेसहापर्यंत अलीकडे आणता येते. मोठ्या मुलाचा अभ्यास आणि जेवण त्याच वेळी असते, म्हणून मला पहिली वाट अधिक सोयीची वाटते; मात्र ही डुलकी पाचच्या पुढे लांबली, की रात्री झोपायला उशीर होऊ लागतो. बाळ १० महिन्यांच्या आसपास आले की ते जास्त वेळ जागे राहू शकते आणि या डुलकीची गरज आपोआप संपते.

वर्षाच्या सुमारास बाळ काही दिवस दुपारची झोप नाकारते, आणि आता एकाच झोपेवर आणावे असा मोह होतो, कारण त्यात शाळेची ये-जा सहज बसते. बहुतेक बाळे १३ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एका झोपेवर येतात, त्यामुळे वर्षाच्या सुमाराचा नकार बहुधा तात्पुरता असतो. सकाळची झोप पाऊण तासावर आणून दोन आठवडे थांबावे. त्यानंतरही बाळ दुपारी झोपत नसेल आणि तरीही संध्याकाळी प्रसन्न राहत असेल, तर सकाळची झोप दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे पुढे ढकलत बारापर्यंत न्यावी. मधल्या काळात ती अकराच्या आसपास येते. तेव्हा बाळ एकच्या सुमारास उठते, आणि दुपारच्या परतीच्या प्रवासात लागलेली छोटी डुलकी त्या दिवसांत मोडू नये, मात्र घरी पोहोचताच बाळाला आसनातून बाहेर काढावे.