बादलीचे झाकण आणि पाइपवरची ओळ

रंगात आणि पाइपमध्ये नक्कल वेगवेगळ्या रीतीने होते, त्यामुळे तपासणीही वेगळी करावी लागते. रंगाच्या बाबतीत बादली बहुधा खरीच असते. रिकाम्या झालेल्या बादल्या भंगारात जातात, तेथून उचलल्या जातात आणि हलक्या रंगाने भरून पुन्हा विकल्या जातात. म्हणून नाव आणि चित्र चांगले छापलेले आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. झाकणाच्या कडेची फाडपट्टी अखंड आहे का, कडेवर स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याच्या खुणा किंवा गोंदाचा थर आहे का, हे आधी पाहावे. नंतर लेबल वाचावे. उत्पादकाचा पत्ता, निव्वळ प्रमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि किंमत यांचा उल्लेख कायद्याने आवश्यक आहे. बॅच क्रमांक पुसून पुन्हा उमटवलेला दिसला किंवा एकाच छटेच्या बादल्यांवर तारखा विसंगत दिसल्या, तर तो माल घेऊ नये.

येथे एक अडचण आहे. छटा यंत्रावर करून घेताना दुकानदाराला बादली उघडावीच लागते, त्यामुळे घरी आलेल्या बादलीचे तुटलेले सील म्हणजे लबाडीच, असे म्हणता येत नाही. म्हणून बेसची, म्हणजे छटा मिसळण्याआधीच्या मूळ रंगाची, बंद बादली समोर उघडून घ्यावी, यंत्राजवळ थांबावे आणि बॅच क्रमांकाचा फोटो झाकण निघण्यापूर्वीच काढावा. झाकणाखालच्या बक्षिसाच्या टोकनसाठी काही रंगारी बादली स्वतः फोडण्याचा आग्रह धरतात. टोकन त्यांना खुशाल द्यावे, पण बादली मालकासमोर फोडावी.

पाइपवर सील नसते. तेथे छापलेली ओळ हाच दाखला असतो. घरातील गरम-थंड पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपवर उत्पादकाचे नाव, आकार, एसडीआर, आयएस १५७७८ हे मानक, सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक वाचता आला पाहिजे. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या BIS Care या अ‍ॅपवर टाकला की तो कोणत्या कारखान्याचा आहे आणि चालू आहे का, हे कळते. मात्र दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापता येतो, म्हणून छाप आणि पाइप यांचा मेळ घालावा. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी. पाऊण इंची पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो. त्यावर एसडीआर ११ छापले असेल, तर जाडी सुमारे २ मिलिमीटर हवी. व्हर्नियरने टोकाला तीन-चार ठिकाणी मोजल्यावर ती १.६ भरली, तर भागाकार जवळजवळ १४ येतो आणि छाप खोटी ठरते.

जाडी बरोबर भरली तरी राळेत खडूची भुकटी जास्त मिसळली आहे की नाही, हे या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तोपर्यंत बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्यावा आणि टाइल बसण्यापूर्वी प्रत्येक बॅचचा, छापील ओळ असलेला हातभर तुकडा बाजूला काढून ठेवावा.