कडा आधी, रंग नंतर

[दृश्य: काळ्या कागदावर ठेवलेली अगर प्लेट, वरून काढलेला फोटो, बाजूला मोजपट्टी]

90 मिलिमीटर व्यासाची ही प्लेट. आत न्यूट्रिएंट अगर, म्हणजे जिवाणूंना पोसणारं जेलीसारखं माध्यम. खोलीत अर्धा तास उघडी ठेवली, मग झाकण लावून 30 अंश सेल्सिअसला 48 तास उबवली. हवेतून पडलेली एखादी पेशी, किंवा पेशींचा छोटा पुंजका, जिथे टेकला तिथेच वाढत गेला. प्रत्येक ठिपका म्हणजे अशी एक वसाहत. प्रयोगशाळेत सगळे तिला कॉलनीच म्हणतात.

फोटोवरून कॉलनी कुणाची हे ओळखताना पाहणाऱ्याची नजर पहिल्यांदा रंगाकडे जाते. आपण कडेपासून सुरुवात करू, कारण फोटोत कड सहसा फसवत नाही. रंग मात्र फसवतो.

[दृश्य: डावीकडच्या पिवळ्या कॉलनीवर झूम]

ही पिवळी कॉलनी पाहा. दोन-तीन मिलिमीटरची, गोल, कड अगदी सरळ. या पेशी गोलाकार असाव्यात आणि त्यांना स्वतःहून हलता येत नसावं, असा अंदाज बांधता येतो. अशा पेशी विभागतात आणि तिथल्या तिथेच साचत जातात. ढीग सगळ्या बाजूंनी सारखाच पसरतो, म्हणून कड गुळगुळीत राहते.

[दृश्य: मधली मोठी, मळकट पांढरी कॉलनी]

हिच्याशी तुलना करा. आकाराने चौपट, पृष्ठभाग कोरडा, कड नागमोडी, कुठे कुठे फाटल्यासारखी. बॅसिलस गटातल्या जिवाणूंच्या कॉलन्या बऱ्याचदा अशा दिसतात. त्यांच्या पेशी दांड्यासारख्या लांब असतात आणि विभागल्यावरही एकमेकींना चिकटून साखळ्या करतात. साखळी लांबत जाते, वाकते, दुमडते, आणि तिची वळणं बाहेर कडेवर उमटतात. बॅसिलस मायकॉइड्समध्ये हे टोकाला जातं. त्याची कॉलनी झाडाच्या मुळांसारखी फांद्या फोडत प्लेटभर पसरते.

कडेला केसाळ तंतू दिसले आणि वर कापसासारखी लव असली, तर बहुधा तो जिवाणू नसून बुरशी असते. या प्लेटवर उजव्या कोपऱ्यात तशी एक आहेच. तिला बाजूला ठेवू.

[दृश्य: खालच्या बाजूची गुलाबी कॉलनी]

आता ही गुलाबी. गोल, फुगीर, चकचकीत, कड सरळ. सेरेशिया मार्सेसन्स, असं उत्तर लगेच जिभेवर येतं, कारण प्रोडिजिओसिन नावाचं त्याचं लाल रंगद्रव्य प्रसिद्ध आहे. पण र्‍होडोटोरुला नावाच्या यीस्टची कॉलनीही गुलाबी, गोल आणि चकचकीत असते. तिचा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. फोटोपुरतं बोलायचं तर दोघांनाही जागा द्यावी लागते.

शिवाय चकाकीही फसवी. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की मंद पृष्ठभागही चमकतो, आणि पिवळट दिव्याखाली पांढरी कॉलनी मलईच्या रंगाची दिसते. म्हणून फोटो काढताना प्रकाश तिरपा हवा. कॉलनीच्या एका बाजूला पडणारी सावली ती सपाट आहे की फुगीर, हे सांगते. चौकटीत एक पांढरा कागद राहिला, तर रंग ताडून बघता येतो. झाकणाच्या आत वाफ साचली असली, तर झाकण उघडून फोटो काढण्याचा मोह टाळावा. प्लेट उलटी करून तळाकडून काढलेला फोटो चालतो, फक्त तसं लिहून ठेवावं. अनोळखी वाढ असलेली प्लेट सुरक्षित कक्षाबाहेर उघडायचीच नसते.

रंग पाहताना आणखी एक गोष्ट तपासावी: तो फक्त कॉलनीत आहे, की भोवतालच्या अगरमध्येही उतरलाय? स्यूडोमोनास एरुजिनोसाचं पायोसायनिन पाझरतं आणि माध्यमच निळसर-हिरवं होतं. आणि माध्यम कोणतं हे विचारल्याशिवाय तर रंगावर बोलूच नये. मॅकॉन्की अगरवर गुलाबी कॉलनी दिसली, तर ते जिवाणूचं रंगद्रव्य नसतं. त्याने लॅक्टोज आंबवून आम्ल तयार केलं आणि माध्यमातल्या न्यूट्रल रेड या दर्शकाने रंग दाखवला, एवढाच त्याचा अर्थ.

[दृश्य: दोन नव्या प्लेट, एकीवर 25 अंश, दुसरीवर 37 अंश अशी चिठ्ठी]

आपल्या गुलाबी कॉलनीचा निकाल प्रयोगशाळेत असा लागतो. तिच्यातून थोडा अंश सुरक्षित कक्षात घेऊन दोन प्लेटवर रेघा ओढल्या. सेरेशिया असता, तर 25 अंशांना लाल आणि 37 अंशांना बहुतेक पांढरा उगवला असता, कारण जास्त तापमानात त्याचं रंगद्रव्य बनणं थांबतं. इथे 25 अंशांची प्लेट गुलाबी झाली, 37 अंशांची जवळपास रिकामी राहिली. संशय यीस्टकडे झुकला, पण एवढ्यावर नाव लिहिता येत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशी]

काचपट्टीवर पाहिलं तर पेशी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या, अंडाकृती, आणि काहींच्या अंगावर कोंब फुटलेले. हे यीस्टच. र्‍होडोटोरुला की तिच्यासारखी दुसरी कुणी, हे पुढच्या जैवरासायनिक किंवा जनुकीय तपासणीचं काम.