शंभरातल्या किती जणांनी जपून ठेवलं?

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावात 'ब' वर्गाचं एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. संध्याकाळी देवघेवीचा काउंटर बंद झाला की त्या ग्रंथालयाचं इन्स्टाग्राम पेज मी सांभाळते. पेजला फॉलो करणारे साधारण अठराशे. तसे कमीच, पण आमच्या गावाच्या मानानं बरे. आज त्या पेजखाली दिसणाऱ्या आकड्यांबद्दल बोलायचं आहे, कारण ते कसे वाचायचे हे आम्हाला उशिरा कळलं आणि तोवर आम्ही भलत्याच गोष्टी टाकत राहिलो होतो.

तुमचं खातं साधं असेल तर हे आकडे दिसतच नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन ते प्रोफेशनल करून घ्यावं लागतं. पैसे पडत नाहीत, पण हिशोब तिथून पुढच्या पोस्टचाच मिळतो, जुन्या पोस्टचा मिळत नाही. म्हणून आज काही ठरवायचं नसलं तरी तेवढं करून ठेवा.

आता शब्द. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोस्ट पोचली. इम्प्रेशन्स म्हणजे ती एकूण किती वेळा पडद्यावर आली. एकाच बाईंना तुमची पोस्ट तीनदा दिसली, तर रीच एक आणि इम्प्रेशन्स तीन. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामनं व्ह्यूज हाच मुख्य आकडा करायचं जाहीर केलं, त्यामुळे आता इम्प्रेशन्सच्या जागी व्ह्यूज दिसतं. मोजायची रीत तशीच आहे: रील पुन्हा पाहिली की पुन्हा एक. म्हणून व्ह्यूज हा माणसांचा आकडा नाही. 'पाच हजार व्ह्यूज आले' म्हणजे पाच हजार माणसं आली असं नव्हे. माणसं मोजायची तर रीच बघायचा. एंगेजमेंट म्हणजे लोकांनी त्या पोस्टवर काही केलं ते सगळं मिळून: लाईक, कमेंट, शेअर, सेव्ह.

आता आमच्या दोन पोस्ट शेजारी ठेवते.

पहिली २७ फेब्रुवारीची, मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छांची. कुसुमाग्रजांचं चित्र, खाली ग्रंथालयाचं नाव. रीच १,२००. लाईक १३८, कमेंट ११, शेअर १, सेव्ह एकही नाही. दुसरी त्याच्या पुढच्या आठवड्यातली. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आमच्याकडे कोणती पुस्तकं आहेत, कोणत्या कपाटात आहेत आणि घरी नेता येतात की तिथेच बसून वाचायची, अशी सहा चित्रांची यादी. रीच ४६०. लाईक १९, कमेंट ९, शेअर १४, सेव्ह २७.

कार्यकारिणीच्या बैठकीत हे आकडे मांडले तेव्हा सगळ्यांचं मत एकच पडलं: शुभेच्छांना दीडशे प्रतिसाद, यादीला एकोणसत्तर, तेव्हा शुभेच्छा वाढवा. मलाही तेव्हा तेच पटलं होतं.

चूक अशी की आम्ही बेरजा पाहत होतो. बाराशे लोकांसमोर गेलेली पोस्ट आणि चारशे साठ लोकांसमोर गेलेली पोस्ट यांच्या बेरजा एकमेकींशी ताडून बघता येत नाहीत. आधी रीचनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. मग शुभेच्छांचा प्रतिसाद येतो शंभरात साडेबारा आणि यादीचा शंभरात पंधरा. एवढ्यावरच यादी पुढे गेली, पण फरक थोडाच आहे. खरं अंतर दिसतं ते प्रतिसाद कशाचा बनलाय हे उकलल्यावर. सेव्ह आणि शेअर एवढेच धरले, तर यादीला ४१ येतात, म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ. शुभेच्छांना बाराशेत एक.

सेव्ह करताना माणूस एकटा असतो. लाईक कोणी केलं ते दिसतं. गावात ओळखीपाळखी असतात, ग्रंथालयानं काही टाकलं की बोट आपोआप हृदयावर जातं. सेव्ह कोणी केलं ते मात्र आम्हालासुद्धा कळत नाही, फक्त किती जणांनी केलं तेवढं कळतं. म्हणजे ते दाखवायला केलेलं नसतं. त्या मुलाला ती यादी पुन्हा लागणार असते, म्हणून तो ठेवून घेतो. कमेंटही मी आता मोजायच्या आधी वाचते. शुभेच्छांखालच्या अकराही कमेंट 'आपणासही शुभेच्छा' अशा होत्या. यादीखालच्या नऊपैकी सात प्रश्न होते: अनामत रक्कम किती, रविवारी उघडं असतं का, अभ्यासिकेत जागा आहे का.

मग यादीचा रीच एवढा कमी का? आपण समजतो की लोकांना आवडली नाही. पण रीच कमी म्हणजे लोकांनी नाकारली असं नाही. ती त्यांच्यासमोर गेलीच नाही, असंही असतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलं होतं की पोस्ट कोणाकोणाला दाखवायची हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं: लोक ती किती वेळ बघतात, रीचच्या मानानं लाईक किती आणि रीचच्या मानानं ती पुढे किती जणांना पाठवली जाते. आधीपासून फॉलो करणाऱ्यांच्या बाबतीत लाईकला थोडं जास्त वजन, नव्या माणसांपर्यंत पोचायचं तर पुढे पाठवण्याला. रीचच्या मानानं, हे शब्द इथेही आहेत बघा.

म्हणून आम्ही तीच यादी तीन आठवड्यांनी पुन्हा टाकली. पहिल्या वेळी पहिलं चित्र ग्रंथालयाच्या पाटीचं होतं, आता त्या कपाटाचं ठेवलं आणि वर मोठ्या अक्षरात 'पोलीस भरती' लिहिलं. सोमवारी दुपारऐवजी रविवारी संध्याकाळी टाकली. या वेळी रीच गेला १,०४० वर. सेव्ह ५८ आणि शेअर ३१, म्हणजे शंभरात साडेआठच्या वर. दुपटीहून जास्त लोकांपर्यंत जाऊनही प्रमाण जवळपास टिकलं, आणि माझ्या दृष्टीनं यादीचा कौल इथेच लागला. यात आमची एक चूक झाली. चित्र आणि वेळ दोन्ही एकदम बदलल्यामुळे रीच कशानं वाढला ते सांगता येत नाही. आता एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

रीलचंही सांगते, कारण प्रत्येक छोट्या पेजला हा मोह होतो. पावसात भिजलेल्या ग्रंथालयाच्या जुन्या लाकडी जिन्याची अडतीस सेकंदांची रील आमच्या एका तरुण सभासदानं केली होती. रीच ९,६००. एवढा आकडा आम्ही कधी पाहिला नव्हता. पण त्याखालचे दोन आकडे उघडून पाहिले. बघणाऱ्यांत शंभरातले चौऱ्याण्णव आम्हाला फॉलो न करणारे. हे वाईट नाही, नवी माणसं अशीच येतात. पण सरासरी पाहण्याचा वेळ होता पाच सेकंद, आणि साडेनऊ हजारांतून नवे फॉलोअर आले सात. पहिल्यांदा टाकलेल्या यादीनं चारशे साठ जणांतून पाच आणले होते. रील बघणारी बहुतेक माणसं कुठल्या तरी दूरच्या शहरातली, आमच्या काउंटरवर ती पुस्तक घ्यायला येणार नाहीत. पर्यटकांना बोलवायचं असतं, तर हीच रील सोन्यासारखी ठरली असती. आकडा चांगला की वाईट हे पेज कशासाठी काढलं त्यावर ठरतं, आणि ते त्या पडद्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

छोट्या पेजचा आणखी एक घोळ आहे तो सरासरीचा. आम्ही गावाचे जुने फोटो टाकतो. पाच फोटोंचे रीच असे होते: ३१०, ३४०, २९०, ३६५ आणि ४,२००. सरासरी काढली तर अकराशे येते, आणि वाटतं की जुने फोटो पहिल्या वेळच्या यादीपेक्षा दुपटीनं चालतात. प्रत्यक्षात एकही फोटो अकराशेच्या आसपास नाही. शेवटचा फोटो गावातून बाहेर गेलेल्या कोणीतरी आपल्या मोठ्या पेजवर चढवला, म्हणून तो उडाला. अशा वेळी आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावायचे आणि मधला उचलायचा. इथे तो ३४०. पुढचा फोटो टाकताना तेवढीच अपेक्षा धरायची. चार हजारांचा फोटो सोडून द्यायचा नाही, त्यात काय होतं ते वेगळं बघायचं. त्यात बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या आणि लोक आपापल्या आजोबांचं दुकान शोधत होते.

तसंच रीच फार कमी असला, समजा साठ, तर टक्केवारी काढूच नका. घरच्या तीन माणसांनी लाईक केलं की तिथे शंभरात पाच होतात. आता आम्ही दोनशेच्या खालची पोस्ट तुलनेत धरत नाही, आणि एका प्रकारच्या निदान पाच पोस्ट झाल्याशिवाय त्या प्रकाराबद्दल मत बनवत नाही. प्रत्येक पोस्टचे आकडे ती टाकल्यापासून बरोबर सातव्या दिवशी वहीत उतरवतो, नाहीतर महिनाभर जुनी पोस्ट आणि कालची पोस्ट यांची तुलना होते. पैसे भरून वाढवलेली पोस्ट असेल, तर तिचं पान वेगळं.

मग ठरवलं काय? पुस्तकांच्या याद्या आठवड्यातून दोन: भरतीच्या, बारावीच्या, शेतीच्या, दिवाळी अंकांच्या. जुन्या फोटोंत ज्यावर माणसांना आपलं काही सापडेल असेच फोटो. शुभेच्छा फक्त आमच्या ग्रंथालयाशी नातं असलेल्या दिवसांच्या. त्या बंद केल्या नाहीत, कारण जुन्या वाचकांना त्यांची सवय आहे. आणि रील महिन्यातून एक, पहिल्या तीन सेकंदांत पुस्तक दिसेल अशी.

एवढं करूनही एक मोठा भाग या आकड्यांच्या बाहेर राहतो, तो म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप. आमच्याकडे यादी आवडली की लोक तिचा स्क्रीनशॉट काढून गटात टाकतात. तो शेअर पेजवर मोजला जात नाही. म्हणून नव्या वर्गणीदारांच्या रजिस्टरात आम्ही एक रकाना वाढवला: ग्रंथालयाबद्दल कुठून कळलं? दोन महिन्यांत एकतीस नवे वर्गणीदार झाले. त्यांतल्या सहा जणांनी लिहिलं 'इन्स्टाग्राम'. बारा जणांनी लिहिलं 'मित्रानं फोटो पाठवला'. तो फोटो कोणता, हे काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, तर बहुतेकांनी मोबाईल काढून आमचीच भरतीची यादी दाखवली. पण खालचा मजकूर आणि पेजचं नाव कापलेलं होतं, ग्रंथालयाची वेळ काय हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागलं होतं. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या तळाशी ग्रंथालयाचं नाव, उघडण्याची वेळ आणि 'रविवारी सकाळी सुरू' एवढं छापूनच पोस्ट जाते.

नमस्कार.