डोळ्यांखालचा काळेपणा: क्रीम कुठपर्यंत पोचतं

(एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

व्याख्यान सुरू होण्याआधीच बऱ्याच चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आहेत आणि बहुतेकांत प्रश्न एकच आहे: काळ्या वर्तुळांवर कोणतं क्रीम लावावं? क्रीमचं नाव मी शेवटपर्यंत सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याऐवजी आरशासमोर उभं राहून तुमचा काळेपणा कशाचा आहे ते कसं ओळखायचं, ते दाखवते. ते कळलं की निम्मी क्रीमं आपोआप बाद होतात.

डोळ्यांखाली जे काळं दिसतं, ते तीन गोष्टींपैकी एक किंवा त्यांची भेसळ असते. कधी त्वचेतच मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त साठलेलं असतं. कधी त्वचा इतकी पातळ असते की खालच्या शिरा आणि डोळ्याभोवतीचा स्नायू आरपार जाणवतो. पापणीची त्वचा शरीरातल्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी एक आहे, साधारण अर्धा मिलिमीटर, आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. तिसऱ्या प्रकारात तर काळा रंग मुळात नसतोच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरपा खळगा उतरतो आणि वरून उजेड पडला की त्यात सावली पडते. सावलीला कितीही क्रीम चोळलं तरी ती हलत नाही. तिला त्वचेशी घेणंदेणंच नसतं.

आता आरसा घ्या. छतावरच्या दिव्याखाली चेहरा बघा, मग खिडकीसमोर उभं राहून समोरून येणाऱ्या उजेडात बघा. समोरच्या उजेडात काळेपणा बराच कमी झाला, तर त्यातला मोठा भाग सावलीचा आहे. अजिबात कमी झाला नाही, तर तो खरा रंग आहे. मग खालची पापणी बोटाने बाजूला हलकेच ताणा. जोर लावू नका. मेलॅनिनचा तपकिरी डाग ताणल्यावरही तसाच राहतो, फार तर थोडा पसरतो. शिरांचा जांभळट रंग ताणल्यावर अधिक ठळक होतो, कारण त्वचा आणखी पातळ होते. सावली असेल तर खळगा सपाट झाल्याबरोबर ती नाहीशी होते. शेवटी मान सरळ ठेवून नजर वर न्या. खालच्या पापणीतला फुगवटा वर बघताना जास्त उठून दिसला, तर तो चरबीचा आहे. सकाळी उठल्यावर दिसणारी आणि दोन-तीन तासांत उतरणारी सूज वेगळी. ती रात्रभर आडवं पडल्याने साचलेल्या पाण्याची असते.

दवाखान्यात आम्ही वूड्स लॅम्पही वापरतो. अंधाऱ्या खोलीत त्याचा निळसर उजेड टाकला की वरच्या थरातलं मेलॅनिन अधिक गडद दिसतं आणि खोल थरातलं फारसं बदलत नाही. हा फरक उपचाराच्या दृष्टीने मोठा आहे. वरच्या थरातला रंग तपकिरी दिसतो आणि क्रीमला दाद देतो. खोलवरचा रंग राखाडी-निळसर दिसतो आणि क्रीम तिथवर नीट पोचत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते. चाळिशीकडे झुकलेली एक बाई. तक्रार अशी की डोळ्यांखालचा काळेपणा वाढतच चालला आहे आणि वेगवेगळी क्रीमं लावूनही उपयोग नाही. मी विचारलं, सकाळी नाक बंद असतं का, डोळे खाजतात का? दोन्हीचं उत्तर होय. ती बोलत असताना तिचं बोट दोनदा डोळ्याकडे गेलं, हे मी मनात टिपलं.

आरशासमोरच्या त्याच परीक्षा केल्या. तपकिरी रंग फक्त खालच्या पापणीवर नव्हता, वरच्या पापणीच्या कडेलाही थोडा होता. ताणल्यावर तो तसाच राहिला. खालच्या पापणीवर बारीक आडव्या सुरकुत्या होत्या, त्या सतत चोळण्याने आणि इसबाने येतात. आणि शिवाय आतल्या कोपऱ्यात खळगा होता, त्याची सावली खिडकीसमोर उभं राहिल्यावर नाहीशी झाली. म्हणजे मेलॅनिन आणि सावली, दोन्ही होतं. बहुतेक रुग्ण असेच मिश्र असतात. शुद्ध एका प्रकाराचे कमीच भेटतात.

तिच्या बाबतीत मेलॅनिन का साठत होतं? नाकाच्या ॲलर्जीने डोळे खाजत, ती चोळत असे. चोळण्याने त्वचेला दाह होतो आणि दाहाला त्वचेचं एक उत्तर म्हणजे अधिक मेलॅनिन बनवणं. वर तिने लावलेल्या एका क्रीममध्ये सुगंध होता, त्याने आग होत असे आणि तिला वाटे की आग होते म्हणजे क्रीम काम करतंय. ती आग मात्र काळेपणाला खतपाणी घालत होती. शिवाय नाक चोंदलं की डोळ्यांखालच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं. ॲलर्जी असलेल्या मुलांच्या डोळ्यांखाली दिसणारा निळसर काळेपणा बऱ्याचदा याचाच असतो.

म्हणून पहिलं काम क्रीम देणं नव्हतं, बंद करणं होतं. सगळं थांबवलं. नाकाच्या ॲलर्जीवर उपचार सुरू झाले. पापणीवर फक्त साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. खाज कमी झाल्याशिवाय रंग कमी करण्याच्या मागे लागू नये, कारण खाज चालू असताना एका बाजूने रंग काढायचा आणि दुसऱ्या बाजूने तयार होऊ द्यायचा, असं होतं.

काही आठवड्यांनी त्वचा शांत झाली. मग सकाळी निॲसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचं रूप चार ते पाच टक्के, आणि त्यावर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन. रंगीत सनस्क्रीन सांगितलं, कारण दिसणारा उजेडही मेलॅनिन वाढवतो, विशेषतः सावळ्या त्वचेत, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. रात्री आठवड्यातून दोनदा कमी टक्क्याचं रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप, तांदळाच्या दाण्याएवढं, दोन्ही डोळ्यांना मिळून. तेही पापणीच्या काठाला न लावता, हाडाच्या कडेवर टिपून. (गरोदरपणात किंवा मूल हवं असताना रेटिनॉइड गटाचं काहीही वापरू नका.) लालसरपणा आला तर मॉइश्चरायझर आधी लावायचं आणि रेटिनॉल नंतर. तरीही जळजळ राहिली तर ते बंद, हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

आता वेळेचा हिशोब. वरच्या थरातल्या पेशी साधारण महिनाभरात बदलतात, वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. म्हणून रंगावरच्या कुठल्याही उपायाला किमान आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. रेटिनॉलने आतला थर थोडा भरीव व्हायला तर कित्येक महिने लागतात. दर महिन्याला त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, सपाट चेहऱ्याने काढलेला फोटो ठेवा. रोज आरशात बघून कळत नाही. या बाईचा तपकिरी रंग चौथ्या महिन्यात स्पष्ट फिका झाला. आतल्या कोपऱ्यातली सावली मात्र होती तिथेच होती. ती जाणार नाही, हे मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, म्हणून ती निराश झाली नाही. न सांगता तेच क्रीम दिलं असतं, तर तिच्या दृष्टीने उपचार फसला असता.

खळग्यावर डॉक्टर हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे खळगा भरून काढणारं जेल, टोचतात किंवा पापणीची शस्त्रक्रिया करतात. हा उपाय निराळा आहे आणि त्याची जोखीमही निराळी. पातळ त्वचेखाली वरवर टोचलेलं फिलर निळसर दिसू शकतं, आणि फिलर रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित दृष्टीही जाते. हे कुठल्याही पार्लरमध्ये करून घेण्यासारखं काम नाही.

शिरांच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. कॅफीन असलेलं जेल किंवा गार पट्टी रक्तवाहिन्या काही तासांसाठी आकसवते. सूज आणि जांभळटपणा त्या काळापुरता कमी दिसतो आणि संध्याकाळी परत येतो. ती फसवणूक नाही, पण तो उपचारही नाही. लग्नाच्या सकाळी चालेल. अशा वेळी नारिंगी छटेचं करेक्टर निळसर रंगावर चांगलं चालतं आणि माझ्या मते या प्रकारात ते अनेक महागड्या सीरमपेक्षा प्रामाणिक आहे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. गोरं करण्याच्या नावाखाली स्टिरॉइड मिसळलेली क्रीमं सर्रास विकली जातात. सुरुवातीला रंग झपाट्याने उतरतो, लोक खूश होतात. पुढे तीच त्वचा आणखी पातळ होते आणि शिरा पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागतात. डोळ्याजवळ असं क्रीम दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. हायड्रोक्विनोन हे रंग उतरवणारं औषधही डॉक्टरांच्या देखरेखीविना महिनोन्‌महिने वापरू नका. त्याने त्वचा उलट निळसर-काळी पडल्याची उदाहरणं आहेत आणि तो रंग काढणं फार अवघड.

श्रोत्यांमधून प्रश्न आला, झोप कमी असल्यामुळे होतं ना? होतं, पण अर्धवट. जागरणाने चेहरा फिका पडतो, पापण्या सुजतात, म्हणून आधीपासून असलेलं वर्तुळ उठून दिसतं. अशक्तपणातही तसंच. लोह कमी असेल तर चेहरा पांढुरका पडतो आणि शिरा जाणवतात, म्हणून रक्त तपासून घ्यावं. पण घराण्यातच ज्यांचा काळेपणा आहे, आईचा, आजीचा, त्यांना आठ तास झोपूनही तो तसाच राहतो. त्यांनी उगाच स्वतःला दोष देऊ नये.

मागे बसलेल्या गृहस्थांचा प्रश्न वेगळा आहे. काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालायला लागल्यापासून खालची पापणी काळी पडत चालली आहे, त्यावर काय लावू? काही लावू नका, आधी थेंबांचं नाव बघा. लॅटॅनोप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट या गटाच्या थेंबांनी पापणीत मेलॅनिन वाढतं आणि कधीकधी वरची पापणीही आत ओढल्यासारखी खोल दिसते. डोळ्यातून बाहेर आलेला थेंब लगेच टिपून घ्या आणि पापणी पाण्याने धुवा, त्याने फरक पडतो. औषध स्वतःहून थांबवू नका, दृष्टी जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांना काळेपणा दाखवा. त्यांना योग्य वाटलं तर ते दुसऱ्या गटाचं औषध देतील, आणि बदललं की हा रंग बहुधा काही महिन्यांत आपोआप उतरतो.