साहेब गणपतीला गेलेत आणि ऑफर शुक्रवारी संपतेय

(गुहागरमध्ये नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा बसा, मागे जागा आहे. मी बरीच वर्षं कंपन्यांत भरतीचं काम केलंय, त्यामुळे आज एकाच मुलाची गोष्ट सांगतो, ती नीट कळली तरी पुष्कळ झालं.

2025 ची गोष्ट. चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. लोट्याला एका केमिकल कंपनीत असलेल्या आपल्याकडच्या मुलाला तळोज्याच्या एका कंपनीची ऑफर आली. सही करून पाठवायची मुदत शुक्रवार 29 तारीख, आणि लेटरमध्ये जॉइनिंग 15 सप्टेंबर. आता याचा नोटीस पिरियड 30 दिवसांचा, म्हणजे 15 तारीख जमणारच नाही. सोमवारी त्याने रिक्रूटरला मेल टाकला आणि दोन मिनिटांत ऑटो-रिप्लाय, की मी 2 सप्टेंबरपर्यंत रजेवर आहे, आल्यावर उत्तर देईन. बस. दुसऱ्या कुणाचं नाव नाही, नंबर नाही. चाकरमानी गौरी-गणपती उरकूनच येणार, त्यात नवल काय!

पोरगा म्हणाला, थांबतो, एक-दोन दिवसांनी परत एक मेल टाकतो, ऑटो-रिप्लाय आला नाही तर समजायचं साहेब आले. म्हटलं, अरे बाबा, तसं नसतं ते. आउटलुक एका माणसाला रजेच्या काळात एकदाच ते उत्तर पाठवतं, आणि जीमेल त्याच माणसाला साधारण चार दिवसांनंतरच परत पाठवतं. म्हणजे दुसऱ्या मेलवर शांतता असली म्हणून साहेब खुर्चीत बसलेत असं होत नाही. आणि आउटलुकमध्ये ऑफिसातल्यांना एक मजकूर आणि बाहेरच्यांना वेगळा ठेवता येतो, त्यामुळे साहेबांच्या जागी कोण बघतंय हे कधी कधी आतल्यांनाच कळतं, तुम्हाला नाही. नाव दिसलं नाही म्हणजे तिथे कुणीच नाही असं धरून चालू नका.

मग मी त्याला एकच विचारलं, साहेब येण्याआधी तुझं काय बिघडतंय? नुसतं निकालाचं विचारायचं असतं तर मी सांगितलं असतं की गप्प बस, आणि 3 ला पण नको, त्या दिवशी त्यांच्याकडे मेलचा ढीग असतो, 4-5 ला बघ. पण इथे मुदत 29 ची आणि साहेब 3 ला, मधे बुधवारची सुट्टी. तेव्हा मंगळवारी सकाळीच लिहिणं भाग होतं.

कुणाला? त्याच्या मनात होतं ज्या प्लांट मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला त्यांना व्हॉट्सॲप करायचं. मी नको म्हटलं, कारण लेटर एचआर काढतं, मुदत वाढवणं मॅनेजरच्या हातात नसतं, आणि सणात पर्सनल नंबरवर मेसेज आला की माणूस वैतागतो. इंटरव्ह्यूची वेळ कुणी ठरवली होती ते शोध म्हटलं. कॅलेंडर इन्व्हाइट उघडला तर पाठवणारी होती एचआरमधली को-ऑर्डिनेटर. हे नाव बहुतेकांकडे असतं आणि कुणी बघत नाही. ती पण नसती तर ऑफर लेटरवरचा एचआरचा कॉमन मेल आयडी, नाहीतर कंपनीच्या बोर्डलाइनवर फोन करून 'भरतीचं सध्या कोण बघतंय' एवढंच विचारायचं. कन्सल्टन्सीतून गेला असता तर मात्र पहिला फोन कन्सल्टंटलाच, कारण त्याला डावलून कंपनीत गेलात तर तो दुखावतो आणि कंपनीही परत त्याच्याकडेच पाठवते.

नवीन मेल नाही लिहिला, सोमवारचाच फॉरवर्ड केला, रिक्रूटर सीसीत. विषयात नाव, पोस्ट आणि '29 ऑगस्टची मुदत'. आत चारच ओळी: साहेब 2 पर्यंत रजेवर असल्याचं उत्तर आलंय, मला ऑफर घ्यायची आहे, नोटीस 30 दिवसांची असल्याने जॉइनिंगची तारीख बदलून हवी, ते होईपर्यंत मुदत वाढवता येईल का. पगाराचा एक शब्द नाही, ते बोलणं ज्याच्याशी चालू होतं त्याच्याशीच.

इथे माझीही एक चूक झाली. मी त्याला 29 सप्टेंबर ही पक्की तारीख मागायला लावली, 29 ऑगस्टला राजीनामा टाकेल या हिशोबाने. गुरुवारी दुपारी बाईंचं उत्तर आलं, मुदत 5 सप्टेंबरपर्यंत वाढवलीय, तारखेचं साहेब आल्यावर. घरचे म्हणायला लागले की आता राजीनामा टाकून मोकळा हो. मी म्हटलं, सुधारलेलं लेटर हातात नाही तोवर कागदाला हात लावू नको. लेटर आलं 4 तारखेला, त्यावर 29 सप्टेंबर, आणि 4 पासून 30 दिवस धरले तर ऑक्टोबर उजाडतो! परत मेल, परत बदल, शेवटी सोमवार 6 ऑक्टोबर ठरला. पहिल्याच मेलमध्ये 'सुधारित लेटर मिळाल्यापासून साधारण 32 दिवसांनी' असं लिहिलं असतं तर हा दुसरा फेरा वाचला असता.

आणि हो, ते रिक्रूटर साहेब त्या आठवड्यात कुठे होते माहितीय? इथे पलीकडच्याच वाडीत, गौरीला. याला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर हा आरतीला लेटर घेऊन गेला असता, म्हणून बरंच झालं.